हात आखडले की गिरकी वाढते, मग वाढलेली ऊर्जा येते कुठून?

बारावीच्या भौतिकशास्त्रात कोनीय संवेगाच्या अक्षय्यतेचा नियम शिकवताना बर्फावर गिरकी घेणाऱ्या स्केटरचं उदाहरण हमखास दिलं जातं. हात पसरून ती हळू फिरत असते, हात छातीशी घेतले की गर्रकन फिरू लागते. आपल्या नागोठण्याच्या मुलांनी बर्फ पाहिलेला असतो तो मासळीच्या पेट्यांत. त्यामुळे मुलं हे उदाहरण पाठ करतात आणि पुढे जातात. पण त्यात एक खरा प्रश्न दडलेला आहे, आणि तो एखाद्या मुलाने विचारला तर उत्तर आपल्याजवळ असायला हवं.

कुणी म्हणेल, बर्फ कशाला, गौरी-गणपतीत आपल्याकडे फुगडी असतेच की! फुगडी छान आहे, पण इथे ती चालत नाही. फुगडी घालणाऱ्या दोघी पायांनी जमिनीला सतत रेटा देत असतात, म्हणजे बाहेरून टॉर्क मिळत राहतो. वेग वाढला तो हात आखडल्यामुळे की पायांच्या रेट्यामुळे, हे सांगता येत नाही. स्केटरचं तसं नसतं. तिच्या पात्याखालचं घर्षण अगदी कमी, आणि पातं जवळजवळ अक्षावरच टेकलेलं, त्यामुळे बर्फाकडून मिळणारा टॉर्क नगण्य असतो.

शाळेतली फिरती खुर्ची त्याच्या बरीच जवळ जाते. चाकं विटा लावून अडवा, मुलाला पाय वर घेऊन बसवा आणि दोन्ही हातांत पाण्याच्या दोन-दोन लिटरच्या बाटल्या द्या. हात पसरलेले असताना त्याला हलकेच फिरवून सोडून द्या. समजा एका फेरीला ३ सेकंद लागतात. बाटल्या छातीशी ओढल्या की फेरी साधारण निम्म्या वेळात होते. (जोरात फिरवू नका, खुर्ची कलंडते.)

आता आकडे मांडू. मूल, खुर्ची आणि बाटल्या यांचं मिळून जडत्व-आघूर्ण हात पसरलेले असताना अंदाजे ४ किलोग्रॅम-मीटर² आणि हात आखडल्यावर २ धरू. हे आकडे ढोबळ आहेत, पण प्रत्यक्षापासून फार लांब नाहीत. कोनीय संवेग L = Iω तेवढाच राहायचा, तर I निम्मा झाल्यावर ω दुप्पट व्हायला हवा. म्हणजे ३ सेकंदांची फेरी दीड सेकंदात. इथपर्यंत सगळ्यांना मान्य असतं.

आता गतिज ऊर्जा काढा. ती ½Iω² आहे. I निम्मा, पण ω चा वर्ग चौपट, म्हणून ऊर्जा दुप्पट! सुरुवातीला सुमारे ८.८ ज्यूल होती, ती १७.५ ज्यूल झाली. बाहेरून तर कुणी ढकललं नाही. हुशार मूल इथे अडतं, आणि अडायलाच हवं. ते म्हणतं, "सर, ऊर्जाही अक्षय्य असते ना? मग तीच तेवढी धरू." तसं धरलं तर वेग दुप्पट न होता फक्त १.४ पट होतो आणि फेरी २.१ सेकंदांची येते. दोन नियम, दोन उत्तरं. खरं कोणतं?

खुर्चीवर याचा निवाडा नीट होत नाही, कारण मुलाचं जडत्व-आघूर्ण आपण अंदाजाने घेतलंय. त्यासाठी बॉलपेनची रिकामी नळी घ्या. तिच्यातून मजबूत दोरा ओवून वरच्या टोकाला २० ग्रॅमचं खोडरबर बांधा, खालचं टोक दुसऱ्या हातात धरा. दगड नको, सुटला तर डोळ्याला लागेल. रबर डोक्यावर फिरवा, ४० सेंटिमीटरच्या वर्तुळात सेकंदाला एक फेरी. मग नळीचा हात स्थिर ठेवून दोरा खाली ओढा आणि वर्तुळाची त्रिज्या २० सेंटिमीटरवर आणा. रबराची चाल बदलत नसेल, तर वर्तुळ निम्मं झाल्यामुळे सेकंदाला २ फेऱ्या व्हाव्यात. कोनीय संवेग बदलत नसेल, तर ४ व्हाव्यात. मोबाईलवर स्लो मोशनमध्ये चित्रण करून मोजा. दोरा नळीच्या तोंडाशी घासतो म्हणून पूर्ण ४ येणार नाहीत, पण उत्तर २ च्या बरंच वर जातं. ते २ च्या खाली आलं, तर नळीची कड खरखरीत आहे असं समजा. ४ च्या वर गेलं, तर नळीचा हात अजून हलतोय.

आता महत्त्वाची गोष्ट डोळ्यांनी नव्हे, हाताने कळते. सुरुवातीला दोरा धरून ठेवायला ३२ ग्रॅम वजन तोलण्याइतकं बळ पुरतं. त्रिज्या निम्मी होईपर्यंत ते आठपट होतं, म्हणजे पाव किलोच्या आसपास. हेच दहावीतलं अभिकेंद्री बल. आपण ते नुसतं लावून थांबत नाही, त्या बलाच्या दिशेने दोरा २० सेंटिमीटर ओढतो. बल आहे, त्याच दिशेने विस्थापन आहे, म्हणजे कार्य झालं. हिशोब केला तर ते ०.१९ ज्यूल येतं, आणि रबराची गतिज ऊर्जा तेवढीच वाढलेली असते, ०.०६ वरून ०.२५.

मग वर्तुळाकार गतीत अभिकेंद्री बल कार्य करत नाही, हे आपण शिकवतो ते काय? ते त्रिज्या कायम असताना खरं आहे, कारण तिथे बल आणि वेग काटकोनात असतात. दोरा ओढताना रबराचा मार्ग वर्तुळ राहत नाही, आत वळत जाणारा सर्पिल होतो. वेगाची दिशा थोडी आत झुकते, काटकोन मोडतो, आणि आत खेचणारं बल रबराला थोडं पुढेही खेचतं. त्याच वेळी या बलाची रेषा केंद्रातूनच जाते, म्हणून त्याचा टॉर्क शून्य. एकच बल, ते कोनीय संवेगाला हात लावत नाही, पण ऊर्जा वाढवतं. केप्लरचा दुसरा नियमही हेच सांगतो. सूर्याची ओढ सूर्याच्याच दिशेने असते, तरी ग्रह सूर्याच्या जवळ येताना वेगवान होतो.

खुर्चीवरच्या मुलाचंही तसंच. वाढलेले ८.८ ज्यूल त्याच्या दंडांच्या स्नायूंनी दिले. एक लिटरची बाटली जमिनीवरून ९० सेंटिमीटर उचलायला लागतात तेवढे. फक्त इथे एक गंमत आहे. बाटल्यांची स्वतःची चाल वाढत नाही, उलट घटते, ताशी ५ किलोमीटरवरून ३ वर. ऊर्जा वाढते ती मुलाच्या शरीराची आणि खुर्चीची. आत येताना बाटल्या पुढे सरकू पाहतात आणि हातांना पुढे ढकलतात, त्यातून शरीराला वेग मिळतो. हात बाटल्यांना तेवढंच मागे ढकलतात, म्हणून एकूण कोनीय संवेग जिथल्या तिथे. मुलाला विचारा, "बाटल्या नुसत्या बाहेर ओढत होत्या, की बाजूलाही?" नीट लक्ष दिलं असेल तर तो बाजूलाही म्हणेल.

आणि हात पुन्हा पसरले की? वेग पहिल्याएवढा होतो, खुर्चीच्या बेअरिंगने खाल्लेला सोडून. मग ते ८.८ ज्यूल गेले कुठे? बाहेर जाऊ पाहणाऱ्या बाटल्यांना हात रोखत रोखत सोडतात, तेव्हा स्नायूंवर उलटं कार्य होतं. स्प्रिंग असती तर तिने ती ऊर्जा साठवली असती. स्नायू ती जवळजवळ सगळी उष्णतेत घालवतात. म्हणून दहा वेळा हात आत-बाहेर केले तर खुर्चीचा वेग वाढलेला नसतो, पण मुलगा मात्र दमलेला असतो.