‘प्रयत्न करू’ म्हणजे किती?

इंडोनेशियातल्या जेपारा गावच्या सागवानी खुर्च्या मागवल्यात. तुम्ही विचारता, “20 तारखेला माल निघेल ना?” उत्तर येतं, “हो, प्रयत्न करू.” तारखेचा उल्लेख नाही, उलट पावसाचा विषय निघतो. हा बहुधा नकारच असतो; समोरच्याला तोंडावर ‘नाही’ म्हणून तुम्हाला अवघडवायचं नसतं.

‘ना?’ लावलेल्या प्रश्नाला ‘हो’ हेच सोपं उत्तर. त्याऐवजी विचारा, “किती खुर्च्या पॉलिशला गेल्या? उरलेल्यांना काय अडतंय? 20, 27 की पुढच्या महिन्यात, काय सोयीचं?” उशिराची तारीख तुम्हीच पुढे केली की ती निवडताना संकोच वाटत नाही. मात्र हे एकट्याला विचारा. साहेबांसमोर खरी अडचण सहसा कुणी सांगत नाही.