आलेखातले दोन खड्डे

गेल्या आठवड्यात आपण पाहिलं, की आवर्तात डावीकडून उजवीकडे जाताना केंद्रकातला एकेक प्रोटॉन वाढतो. बाहेरच्या कवचातले इलेक्ट्रॉन एकमेकांना पूर्णपणे झाकू शकत नाहीत, म्हणून केंद्रकाची ओढ वाढत जाते. मग इलेक्ट्रॉन काढायला लागणारी ऊर्जाही वाढतच गेली पाहिजे. दुसऱ्या आवर्तात मात्र ती दोनदा घसरते. बेरिलियमसाठी मोलमागे 900 किलोज्यूल, तर बोरॉनसाठी 801. नायट्रोजनसाठी 1402, तर ऑक्सिजनसाठी 1314.

पहिला खड्डा समजायला इलेक्ट्रॉन कुठून निघतो ते पाहायचं. बेरिलियमचा निघतो 2s मधून. या ऑर्बिटलचा छोटा भाग आतल्या 1s इलेक्ट्रॉनांच्याही आत, केंद्रकाला अगदी लागून असतो. तिथे असताना त्या इलेक्ट्रॉनला आडोसा जवळजवळ नसतोच. बोरॉनचा पाचवा इलेक्ट्रॉन 2p मध्ये बसतो, आणि 2p केंद्रकापाशी शून्य होतं. त्यामुळे 1s चा आडोसा त्याला जास्त भोवतो आणि 2s च्या जोडीचाही थोडा लागतो. एक प्रोटॉन वाढल्याचा फायदा या आडोशात बुडून जातो.

स्लेटरचे नियम वापरून हा खड्डा शोधायला गेलात तर सापडणार नाही. त्यांत 2s आणि 2p एकाच गटात धरलेले असल्यामुळे परिणामी प्रभार बेरिलियमला 1.95 आणि बोरॉनला 2.60 येतो, म्हणजे चढच दिसतो. नियम सोपे करताना नेमका हाच फरक पुसला गेला आहे.

दुसऱ्या खड्ड्याचं ‘अर्धं भरलेलं ऑर्बिटल स्थिर असतं’ हे पाठ उत्तर मला अपुरं वाटतं. त्यापेक्षा आलेख काढून बघा. बोरॉन, कार्बन, नायट्रोजन यांचे आकडे 801, 1086, 1402 आहेत, म्हणजे दर पायरीला साधारण 300 ची वाढ. ऑक्सिजन, फ्लुओरीन, निऑन यांचे 1314, 1681, 2081, म्हणजे पायरी 400 च्या आसपास. दोन्ही रेषा जवळजवळ सरळ आहेत. दुसरी थोडी जास्त चढाची असली तरी खाली सरकलेली आहे. नायट्रोजनपर्यंतचे तीन p इलेक्ट्रॉन तीन वेगळ्या ऑर्बिटलांत, एकाच दिशेच्या फिरकीने बसतात आणि एकमेकांपासून दूर राहतात. ऑक्सिजनचा चौथा आधीच एक इलेक्ट्रॉन असलेल्या ऑर्बिटलात, उलट फिरकीने जोडीला येतो. एकाच जागेतला सोबती त्याला जास्त दूर लोटतो, आणि म्हणून तो तुलनेने स्वस्तात सुटतो. पुढचे दोनही जोडीनेच बसतात, त्यामुळे निऑनपर्यंतची सगळी रेषाच खालच्या पातळीवर राहते.

हे खरं असेल तर तिसऱ्या आवर्तातही चौथ्या p इलेक्ट्रॉनपाशी घसरण दिसायला हवी. ती दिसते: फॉस्फरससाठी 1012, गंधकासाठी 1000.