हॅलो हॅलो, माइक टेस्टिंग

यंत्रांना नमस्कार करण्याच्या आपल्या तऱ्हा अनेक. दसऱ्याला आपण स्कूटरला झेंडूचा हार घालतो. रिक्षावाले सकाळी हँडलला हात लावून तो कपाळाला लावतात. घरातल्या बोलक्या स्पीकरला "अहो, जरा बातम्या लावता का?" असं अदबीने विचारणारे आजोबाही आहेत. पण सर्वांत जाहीर नमस्कार माइकच्या वाट्याला येतो. गणपतीचा मांडव असो वा लग्नाचा हॉल, कार्यक्रमाआधी कोणीतरी पुढे होतो, माइकच्या जाळीवर बोटाने टकटक करतो, दोन फुंकरा मारतो आणि म्हणतो, "हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग, वन टू थ्री."

यातल्या टकटकीला माइक एवढंच उत्तर देतो, की बटण चालू आहे आणि वायर जोडलेली आहे. आवाज स्वच्छ येईल की नाही, हे त्यातून कळत नाही. फुंकर तर तिथे नकोच. स्टेजवरच्या नेहमीच्या माइकमध्ये जाळीच्या आत एक पातळ पडदा असतो. बोलण्याने तो थरथरतो, त्याला चिकटवलेलं तारेचं बारीक वेटोळं चुंबकाजवळ हलतं आणि आवाजाची वीज होते. हा माइक राकट असल्याने फुंकर सोसतो. जुन्या स्टुडिओंतल्या रिबन माइकमध्ये मात्र पडद्याच्या जागी ॲल्युमिनियमची केसाहून कितीतरी पातळ पट्टी असते. जोरदार फुंकरीने ती ताणली जाते आणि माइक कामातून जातो.

आता "हॅलो". टेलिफोनवर हा शब्द रुळवण्यात थॉमस एडिसनचा वाटा मोठा. 1877 साली त्याने एका पत्रात सुचवलं, की फोनला घंटी लावायची गरज नाही, कारण "हॅलो" दहा-वीस फुटांवरूनही ऐकू येतो. म्हणजे हा शब्द निवडला गेला तो लांबवर पोचतो म्हणून. माइकच्या परीक्षेत हाच गुण आड येतो. "हॅलो"त सगळा भर मोकळ्या स्वरांवर असतो आणि ते कुठल्याही माइकवर बरेच वाजतात. खरी भांडणं होतात ती दोन जातींच्या अक्षरांवरून. स, श, च यांत बारीक, उंच आवाज असतो. साउंडवाल्याने तो वाढवून ठेवला असेल, तर ही अक्षरं कानाला टोचतात. प, फ, ब, भ म्हणताना तोंडातून हवेचा झोत सुटतो आणि तो थेट पडद्यावर आदळला, की स्पीकरमधून "भप्" येतं. म्हणून वक्ते "बंधू आणि भगिनींनो" म्हणतात, तेव्हा पहिल्याच वाक्याला दोन बार उडतात. माइक तोंडासमोर सरळ न धरता किंचित तिरका धरला, की झोत बाजूने निघून जातो. परीक्षाच घ्यायची, तर "हॅलो"ऐवजी "सदाशिव पेठ" म्हणावं. स, श आणि प तिन्ही एका पत्त्यावर सापडतात.

मग येते ती शिट्टी. माइकने टिपलेला आवाज स्पीकरमधून बाहेर पडतो, तो परत माइकमध्ये शिरतो आणि पुन्हा मोठा होऊन बाहेर येतो. प्रत्येक फेरीत तो वाढत गेला, की कानठळ्या बसवणारी किंकाळी उठते. समजा, आभार मानणाऱ्या काकूंनी संकोचाने माइक तोंडापासून पाच सेंटिमीटरवरून वीस सेंटिमीटरवर नेला. अंतर चौपट झालं, की माइकपर्यंत पोचणारा त्यांचा आवाज साधारण पाव उरतो. मागून कोणीतरी "ऐकू येत नाही" म्हणतं, साउंडवाला आवाज वाढवतो. पण त्याने वाढवलेला आवाज काय फक्त काकूंचा नसतो. स्पीकरमधून माइककडे परतणारा आवाजही तेवढाच वाढतो. झाली शिट्टी. घाबरून काकू माइकची जाळी मुठीत झाकतात, आणि शिट्टी आणखी चढते. कारण जाळीच्या मागच्या बाजूने आत जाणारी हवाच अशा माइकला समोरचं ऐकायला आणि मागचं टाळायला शिकवते. ती वाट मुठीने बंद केली, की तो चहूकडचं ऐकू लागतो, स्पीकरचंसुद्धा. अशा वेळी मूठ सोडावी, स्पीकरच्या समोरून बाजूला व्हावं आणि माइक पुन्हा तोंडाजवळ आणावा.

दुपारी रिकाम्या हॉलमध्ये केलेली परीक्षाही पूर्ण धरू नये. रिकाम्या खुर्च्या आणि भिंती आवाज परतवतात, तर भरल्या हॉलमधली माणसं आणि त्यांचे कपडे तो शोषतात. त्यातून पोरांचा कलकलाट. म्हणून लोक बसल्यावर पुन्हा विचारावंच लागतं, आणि विचारलं जातं ते असं: "मागे आवाज येतोय का?" मागून एकजात "नाही" असं उत्तर आलं, तर खुशाल भाषण सुरू करावं.