क्लासमुळे दरी बुजते की रुंदावते?

प्रवेश परीक्षेत गुणांपेक्षा क्रमांक महत्त्वाचा. जागा तेवढ्याच, त्यामुळे एकाने क्लास लावला की शेजाऱ्यालाही लावावा लागतो. ज्याला फी परवडत नाही, तो तेवढाच अभ्यास करूनही मागे पडतो. नीटमध्ये बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात, चुकलं तर १ कापला जातो. कोणता प्रश्न सोडायचा, हे क्लासच्या सराव चाचण्यांतून अंगवळणी पडतं.

तमिळनाडूत २०१७ पासून बारावीच्या गुणांऐवजी नीटवर वैद्यकीय प्रवेश होऊ लागले. सुरुवातीला त्यांत सरकारी शाळांतली मुलं बोटांवर मोजण्याइतकीच होती. अखेर २०२० मध्ये राज्याने त्यांच्यासाठी ७.५ टक्के जागा राखल्या. स्पर्धा सारख्या परिस्थितीतल्या मुलांत आली. पण क्रम नीटवरच लागत असल्याने तिथेही क्लास सुटला नाही.