एका कामाचे ४५ पैसे आणि गप्प बसलेलं बटन: स्क्रीन रीडरवर कामाची रांग कशी वापरायची?

समजा, शहाडला राहणाऱ्या एका दृष्टिहीन तरुणाला घरबसल्या ऑडिओ ऐकून टाइप करायचं काम मिळालं. कसाऱ्याहून भरून आलेल्या लोकलमध्ये शिरायची गरज नाही. लॅपटॉपवर एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर, कानाला हेडफोन. कामं रांगेत येतात. एक सबमिट केलं की पुढचं समोर. अडचण इथूनच सुरू होते.

या कामातला पैसा आधी समजून घेऊ. वॉशिंग्टन विद्यापीठातले आदित्य वशिष्ठ आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ‘बीस्पीक’ या प्रयोगाचे निष्कर्ष मांडले. ऑडिओ ऐकून तोच मजकूर आपल्या आवाजात पुन्हा बोलायचा, असं त्याचं स्वरूप होतं. भारतातल्या कमी उत्पन्नाच्या २४ दृष्टिहीन व्यक्तींनी दोन आठवड्यांत १६ हजारांहून अधिक कामं करून ७,३१० रुपये कमावले. म्हणजे एका कामाला साधारण ४५ पैसे. या दराने बटन शोधण्यात गेलेला अर्धा मिनिटही महाग पडतो. त्याच अभ्यासात अ‍ॅमेझॉनच्या ‘मेकॅनिकल टर्क’वर पहिल्यांदाच काम करणारे अडखळले. कारणं तीन: बटनांना नावं नाहीत, हेडिंग चुकीच्या जागी वापरलेली आणि पानाचे भाग ओळखू येतील अशा खुणाच नाहीत.

यातलं वापरणाऱ्याच्या हातात काय आहे?

पहिली गोष्ट आवाज. Insert+Ctrl+S दाबून eSpeak NG निवडलं की मराठी आवाज मिळतो. स्क्रीन रीडर भाषा ओळखतो ती पानाच्या कोडमधल्या नोंदीवरून. मराठी पानावर नोंद इंग्रजीची असेल तर इंग्रजी आवाज मराठी वाचू लागतो आणि काही कळत नाही. अशा वेळी Insert+Ctrl+V ने स्पीच सेटिंग उघडून भाषा आपोआप बदलण्याचा पर्याय बंद करावा आणि आवाज मराठीच ठेवावा.

दुसरी गोष्ट बडबड. टाइप करताना एनव्हीडीए प्रत्येक अक्षर बोलतो आणि खाली ऑडिओही चालू असतो. Insert+2 ने अक्षरं बोलणं बंद करा. Insert+3 ने शब्द बोलणं चालू ठेवता येतं, म्हणजे चूक तरी कळते. Insert+Ctrl+P ने ब्राउझरपुरतं वेगळं प्रोफाइल केलं तर बाकी ठिकाणच्या सेटिंगना धक्का लागत नाही.

फिरण्यासाठी H म्हणजे पुढचं हेडिंग, B म्हणजे बटन, E म्हणजे टाइप करायचा चौकोन. दाबलेलं H चौकोनातच उमटलं, तर आपण लिहिण्याच्या मोडमध्ये आहोत. Insert+Space ने बाहेर यायचं.

एवढं सगळं करूनही सबमिटनंतर शांतता होते, आणि ही चूक सेटिंगने सुटत नाही. पुढचं काम पडद्यावर आलेलं असतं, पण पान नव्याने उघडलेलं नसल्यामुळे एनव्हीडीए काहीच बोलत नाही. फोकस अजून त्याच बटनावर असतो. आपलं काम गेलंच नाही असं वाटून माणूस पुन्हा Enter दाबतो आणि नवं काम रिकामंच सबमिट होतं. ते नाकारलं जातं आणि खात्याचा अचूकतेचा आकडा घसरतो. म्हणून शांतता झाली की Enter नको. आधी Insert+Tab दाबून फोकस कुठे आहे ते ऐकायचं, मग Ctrl+Home ने वर जाऊन H ने कामाचं हेडिंग बदललं का ते पाहायचं.

डेव्हलपरच्या बाजूने हा दोष दोन ओळींत सुटतो:

```html
<button aria-label="काम सबमिट करा">➤</button>
<p role="status"></p>
```

पहिल्या ओळीमुळे नुसतं ‘बटन’ असं न ऐकू येता नाव ऐकू येतं. दुसरी ओळ पानावर सुरुवातीपासून रिकामी हवी. ‘पुढचं काम आलं’ हा मजकूर त्यात नंतर टाकला की स्क्रीन रीडर तो आपणहून वाचतो. मजकुरासकट अख्खी ओळच नंतर जोडली तर बऱ्याचदा ती वाचली जात नाही. ही चूक अनुभवी लोकही करतात.

राहिलं घड्याळ. काही रांगांमध्ये वेळ संपली की काम परत जातं. वेब सुलभतेच्या डब्ल्यूसीएजी निकषांनुसार वेळमर्यादा बंद करता, बदलता किंवा वाढवता यायला हवी. वाढवायची असेल तर आधी इशारा आणि उत्तराला किमान २० सेकंद मिळायला हवेत. मर्यादा हाच कामाचा गाभा असेल तिथे सूट आहे. एनव्हीडीएत मात्र हे घड्याळ थांबवणारं कुठलंही सेटिंग नाही. ते प्लॅटफॉर्मनेच करायचं असतं.

तक्रार करताना ‘ॲप चालत नाही’ एवढंच लिहिलं तर समोरच्याला काही सापडत नाही. एनव्हीडीएच्या Tools मेनूत Speech Viewer आहे. स्क्रीन रीडर जे बोलतो ते त्यात अक्षरांत दिसतं. सबमिटच्या आधीच्या आणि नंतरच्या ओळी तिथून कॉपी करून ब्राउझरचं नाव आणि दाबलेल्या कळांसह पाठवल्या, की बटनानंतरची शांतता डोळस डेव्हलपरलाही दिसते.