मंजुरीची तारीख

समजा, तिरुपूरच्या एका कारखान्याला १ एप्रिलला वीस हजार नेव्ही ब्लू टी-शर्टांची ऑर्डर मिळाली आणि माल ३० जूनला बाहेर पडायचा आहे. नव्वद दिवस भरपूर वाटतात. पण मर्चंडायझर, म्हणजे ऑर्डर सांभाळणारा माणूस, पहिल्याच दिवशी ३० जूनपासून मागे मोजत येतो. शिलाई, इस्त्री, पॅकिंग आणि शेवटची तपासणी यांना चार आठवडे लागतील, म्हणून कटिंग १ जूनच्या आसपास सुरू झालं पाहिजे. कापड रंगून तयार व्हायला अडीच आठवडे धरले, तर ते १२ मेच्या सुमारास रंगाईला गेलं पाहिजे. म्हणजे रंगाची मंजुरी ५ मेपर्यंत हवी. अशा तारखांच्या तक्त्याला टाइम अँड अ‍ॅक्शन कॅलेंडर म्हणतात. धंद्यात नुसतं ‘टीएनए’.

सगळ्यात नाजूक असते ती रंगाची मंजुरी. बायरने दिलेल्या रंगाबरहुकूम डाइंगवाला कापडाचे छोटे तुकडे रंगवून देतो, त्यांना लॅब डिप म्हणतात. बायर ते तुकडे लाइट बॉक्समध्ये, दिवसाच्या आणि दुकानातल्या उजेडाखाली पाहतो. एका उजेडात तंतोतंत जुळलेला निळा दुसऱ्यात लालसर दिसू शकतो, आणि मग नकार येतो. तुकडे रंगवणं, कुरिअर आणि उत्तर मिळून एका फेरीला सतरा दिवस धरले, तर पहिलं उत्तर १८ एप्रिलला येईल आणि दुसरं थेट ५ मेला. नव्वद दिवसांच्या ऑर्डरमध्ये फक्त एका नकाराला जागा आहे!

इथे एक चूक सर्रास होते. लॅब डिप कुरिअरने गेलं की तक्त्यात ‘झालं’ अशी खूण केली जाते. खरं तर पाठवल्याची, उत्तर अपेक्षित असल्याची आणि मंजुरीची अशा तीन वेगळ्या तारखा हव्यात. नाहीतर तक्ता हिरवागार दिसतो आणि बायरच्या टेबलावर पडून राहिलेला आठवडा कुणाच्याच लक्षात येत नाही. तो आठवडा पुढे सरकत जातो. कटिंगआधी बायरला दाखवायचा प्री-प्रॉडक्शन सॅम्पल शक्यतो ऑर्डरच्याच रंगवलेल्या कापडाचा लागतो, त्यामुळे त्याची मंजुरीही लांबते. लेबलं आणि पॉलीबॅग वेळेत येऊन पडले, तरी त्यांचा उपयोग नसतो.

दुसरं उत्तर १२ मेला आलं असं धरा. ६ मेलाच ‘मंजुरी थकली’ हे दिसलं, तर मार्ग उरतात. शिलाईची दुसरी लाइन राखून ठेवता येते. रंगलेलं कापड जसजसं येईल तसतसं कटिंग करता येतं. बायरकडे आठवडाभराची लेखी मुदतवाढही मागता येते, आणि उत्तर त्याच्याकडूनच अडलेलं असल्याने ती सहसा मिळते. हीच मागणी जूनअखेर केली, तर बायर किमतीत सूट मागतो किंवा माल विमानाने पाठवायला सांगतो, आणि ते भाडं बहुधा कारखान्यालाच भरावं लागतं.