ब्लू टिक दिसली, उत्तर नाही: मग छातीत धडधड का होते?

चोवीस-पंचवीस वर्षांचा एक तरुण छातीत धडधड आणि झोप न लागण्याची तक्रार घेऊन आला. नाडी थोडी जलद होती. ईसीजी आणि थायरॉईडची तपासणी नॉर्मल आली. त्रास कधी सुरू झाला, असे विचारल्यावर तो लाजत म्हणाला, “डॉक्टर, रात्री पावणेअकराला तिला मेसेज केला, ‘तुझा तो पिवळा कुर्ता डोक्यातून जातच नाहीये.’ अकराला ब्लू टिक आली. बाराला लास्ट सीन दिसलं. उत्तर नाही. दोन वाजेपर्यंत मी बघतच होतो.”

हे का घडते? उत्तर येईल की नाही, हे माहीत नसले की शरीर सावध होते. अॅड्रेनालिन वाढून हृदयाचे ठोके जलद पडतात. फोन उघडून पाहिल्यावर क्षणभर हायसे वाटते. ते हायसे वाटणेच मेंदूला पुन्हा पाहायला शिकवते. म्हणजे तपासण्याने काळजी कमी होत नाही, तपासण्याची सवय मात्र पक्की होते.

शिवाय या खुणा फार थोडे सांगतात. ब्लू टिक म्हणजे चॅट उघडले गेले, एवढेच. लास्ट सीन म्हणजे व्हॉट्सअॅप शेवटचे कधी उघडले होते ती वेळ. ते आईशी बोलायला उघडले की ऑफिसच्या ग्रुपसाठी, हे त्यातून कळत नाही. नोटिफिकेशनमध्ये मेसेज वाचला, तर ब्लू टिक येतही नाही.

त्या तरुणाला मी चार गोष्टी सांगितल्या. Settings मधल्या Privacy मध्ये जाऊन Read receipts बंद करायचे आणि Last seen लपवायचे. आपण लपवले की वैयक्तिक चॅटमध्ये समोरच्याचेही आपल्याला दिसत नाही, आणि इथे तेच हवे आहे. रात्री फोन दुसऱ्या खोलीत ठेवायचा, गजरासाठी साधे घड्याळ वापरायचे. “रागावलीस का?” असा दुसरा मेसेज पाठवायचा नाही. पाहण्याची ओढ आली की दहा मिनिटे थांबायचे. ती चढते आणि बहुतेक वेळा आपोआप ओसरते. पहिले एक-दोन दिवस अस्वस्थता वाढल्यासारखी वाटेल.

दोन-तीन दिवसांत उत्तर आले नाही, तर सध्या तिला बोलायचे नाही असे समजून विषय तिथेच सोडायचा. वाईट वाटेल, पण तो आजार नव्हे.

मात्र दोन आठवड्यांहून जास्त झोप बिघडली, कामात लक्ष लागेना किंवा जेवण कमी झाले, तर डॉक्टरांना भेटा. छातीत दुखणे, चक्कर येऊन पडणे किंवा धाप लागणे असेल, तर ‘टेन्शन असेल’ म्हणून घरी थांबू नका, लगेच तपासून घ्या. जगावेसे वाटत नाही, असे कोणी बोलून दाखवले, तर घरच्यांनी ते हसण्यावारी नेऊ नये. त्याला एकटे न सोडता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.